कथा: मोरिता-सानचा भाग्यांक

द्राक्षबाग

बऱ्याच दिवसांनी काहीतरी लिहिलंय, सांभाळून घ्या. थोडं घडलेलं, थोडं रचलेलं.

२०२१ साल. योकोहामाजवळच्या त्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये प्रत्येक खुर्चीपुढे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाट्या उभ्या केलेल्या आणि भिंतीवर कागद, "मोकुशोकु", म्हणजे गप्प जेवा. दोनशे माणसं जेवतायत आणि आवाज काय तर चॉपस्टिक्सचा आणि सूप ओढल्याचा. ओंकारला पहिल्या आठवड्यात वाटलं आपण तेराव्याला जेवायला आलोय, मग वाटलं तेराव्यालासुद्धा माणसं एवढी गप्प नसतात.

त्यामुळे जे काय बोलायचं ते जेवणानंतर. एकची घंटा व्हायला अर्धा तास असायचा, त्यात निम्मे लोक रांगेने दात घासायचे, उरलेले ऑफिसातले दिवे बंद करून टेबलावर डोकं ठेवून झोपायचे, आणि ओंकार कॉम्प्रेसर रूमच्या मागच्या व्हेंडिंग मशीनपाशी जायचा. तिथे मोरिता-सान असायच्या. त्यांचा काळ्या कॉफीचा डबा ठरलेला, याचा गोड दुधाच्या चहाचा. त्या क्वालिटीत, हा कन्व्हेयरच्या कंट्रोल पॅनलवर. याच्या ड्रॉइंगवर लाल पेनाने सगळ्यात जास्त खुणा त्यांच्याच असायच्या आणि प्रत्येक खुणेशेजारी छोटा गोल शिक्का, आडनाव आणि तारीख, तरी का कोण जाणे राग यायचा नाही.

त्या दिवशी हेल्थ चेकअपचे फॉर्म आले होते. ओंकारला जपानी वाचायला दोन वर्षांनंतरही घाम फुटायचा म्हणून कुठे काय लिहायचं ते दाखवायला त्यांनी स्वतःचा फॉर्म पुढे धरला. जन्मतारखेच्या रकान्यात एम, टी, एस, एच, आर अशी अक्षरं, म्हणजे कुठल्या सम्राटाच्या काळात जन्मलात ते, त्यातल्या एसला गोल आणि पुढे ६४.

"शोवा ६४?" ओंकार जवळजवळ ओरडलाच. "ते वर्ष तर सात दिवसांचं आहे ना?"

मोरिता-सान हसल्या. इथल्या लोकांनाही पटकन आठवत नाही म्हणे, तुला कसं माहीत.

कसं माहीत म्हणजे. पुण्यात पहिल्या नोकरीत दीड वर्ष ओंकार एका जपानी क्लायंटचं पगाराचं सॉफ्टवेअर टेस्ट करत होता. एक्सेलच्या शीटमध्ये कायम एक ओळ असायची, जन्म शोवा ६४, पहिला महिना, कारण ७ जानेवारी १९८९ ला सम्राट गेले आणि ८ तारखेपासून हेइसेइ १ सुरू झालं, आणि नेमकं तिथेच सॉफ्टवेअर आपटायचं. बाउंड्री केस. ती बाउंड्री केस आज समोर उभी राहून कॉफी पीत होती.

"पाच तारीख," त्या म्हणाल्या. "सम्राट आजारी होते म्हणून सगळे सणसमारंभ बंद. माझ्या जन्माचे पेढे (त्यांनी म्हटलं होतं लाल भात, ओंकारने मनात पेढे केले) वाटलेच नाहीत. आई अजून सांगते."

काहीतरी बरं बोलावं म्हणून ओंकार म्हणाला, थांबा, आमच्याकडे तारखेवरून माणसाचा अंक काढतात. माझी मावशी लाइटबिलाच्या मागे काढून देते सगळ्यांना. खिशातला मास्किंग टेपचा रोल काढला, वीतभर टेप फाडून व्हेंडिंग मशीनच्या अंगाला चिकटवली आणि पेनाने लिहिलं:

५ + १ + ६ + ४ = १६, १ + ६ = ७

"सात. म्हणजे विचार करणारा माणूस, एकटं राहायला आवडतं."

मोरिता-सान टेपकडे बघत राहिल्या. क्वालिटीवाल्या शेवटी. "पण वर्ष कुठलं धरायचं? इंडियात शोवा नाही."

हे खरं होतं. त्याने खाली दुसरी ओळ लिहिली:

५ + १ + १ + ९ + ८ + ९ = ३३

आणि तिथेच थांबला, कारण मावशी सांगायची की ११, २२ आणि ३३ आले की पुढे बेरीज करायची नाही, ते मास्टर नंबर. आणि ३३ तर मावशीला आख्ख्या नात्यागोत्यात कोणाचा सापडला नव्हता. "सांजू-सान!" तो म्हणाला, "हा खूप म्हणजे खूप दुर्मिळ. लोकांना बरं करणारा."

"सांजू-सान," त्या हळू म्हणाल्या. मग नुसतंच, "सान, सान." हातातला डबा थोडा फिरवला. "तुझा ब्लड ग्रुप कुठला?"

"बी."

"वाटलंच," त्या म्हणाल्या, डबा निळ्या टोपलीत टाकला आणि दात घासायला गेल्या. त्यांच्या ओळखपत्राच्या पट्ट्याला एक जांभळी कापडी पिशवी लोंबायची, पेरूच्या बीएवढी घंटी लावलेली, ती तेवढी वाजली.

दुसऱ्या दिवशी टेप तिथेच होती. ३३ च्या पुढे लाल पेनाने, अगदी सरळ अक्षरात, = ३ + ३ = ६. आणि शेजारी ड्रॉइंगवर दुरुस्ती केल्यावर मारतात तसा गोल शिक्का. मोरिता. तारखेसकट.

प्राची_एकोणतीस

मस्त लिहिलंय!! मला पण काढून द्या ना. २९ सप्टेंबर १९८०. एक ॲप ११ सांगतं आणि दुसरं २, दोघांनी पैसे घेतलेत.

खडूस

कथा आवडली पण शेवट कळला नाही. तिने दुरुस्ती का केली? आणि ब्लड ग्रुपचं काय मध्येच?

ज्योतिर्विद्_अण्णा

लेखकाने भाग्यांक चुकीचा काढला आहे. आपल्याकडे मूलांक म्हणजे नुसत्या तारखेचा, इथे ५, म्हणजे बुध. भाग्यांक पूर्ण तारखेचा आणि तो एका अंकापर्यंत आणायचाच. ३३ म्हणजे ६, शुक्र. ११, २२, ३३ वर थांबायचं हे अमेरिकेतल्या लोकांनी नंतर आणलेलं. त्या बाईंनी बरोबर दुरुस्त केलं, त्यांना शास्त्र माहीत असणार. आणि एक, जपानात तारीख उलटी लिहितात, आधी वर्ष मग महिना मग दिवस, त्यामुळे त्यांचं उत्तर वेगळं येणार हेही लेखकाने लक्षात घेतलेलं दिसत नाही.

गणिताचे_सर

अण्णा, पहिलं मान्य, दुसरं नाही. बेरीज उलटी करा सुलटी करा तेवढीच येते, वर्ष आधी लिहिल्याने भाग्यांक बदलत नाही. मूलांक मात्र घोटाळ्यात येऊ शकतो, ५/१ हे १/५ वाचलं तर ५ चा १ होतो. अमेरिकेत राहणाऱ्यांनी तिथे जपावं.

ज्योतिर्विद्_अण्णा

मूलांकाबद्दलच म्हणत होतो.

गणिताचे_सर

बरं.

प्राची, तुमचं पण तेच चाललंय. २+९+९+१+९+८+० = ३८, मग ३+८ = ११. एक ॲप ११ ला मास्टर म्हणून थांबतं, दुसरं १+१ करून २ सांगतं. दोघांत चूक कोणाचीच नाही, म्हणजे पैसे परत मिळणार नाहीत.

कथेतल्या तारखेत तर आणखी मजा आहे. ओंकारने सगळे आकडे सरळ ओळीने मिळवले म्हणून ३३ आला. पण पुष्कळ जण आधी दिवस, महिना, वर्ष वेगवेगळं एका अंकावर आणतात. ५, १ आणि १९८९ चे २७, मग ९. त्यांची बेरीज १५, म्हणजे ६. ३३ वाटेत लागतच नाही. तिसरी पद्धत, ५ + १ + १९८९ अशी आख्खी बेरीज, १९९५, त्याचे २४, परत ६. ३३, १५, २४, तिन्हीत नवाने भागलं की बाकी ६ च उरते, कारण अंकांची बेरीज करणं म्हणजे नवाची बाकी काढणंच आहे, शाळेत गुणाकार बरोबर आला का हे तपासायला आपण हेच करायचो. त्यामुळे शेवटचा एक अंक कुठल्याही रस्त्याने गेलात तरी तोच. वेगळं होतं ते फक्त वाटेत कुठे थांबलात ते. मास्टर नंबर हा माणसात नसतो, बेरीज कुठल्या क्रमाने केली त्यात असतो, असं माझं मत, कोणाला राग आला तर येऊ दे.

द्राक्षबाग

धन्यवाद सर. पण मग शोवा धरून ७ कसा आला? तेव्हाही मला ते खटकलं होतं.

गणिताचे_सर

कारण तिथे वर्षच बदललं. शोवाचं इसवी करायला १९२५ मिळवावे लागतात, ६४ + १९२५ = १९८९. आता १९२५ ला नवाने भागा, बाकी ८. म्हणजे शोवातल्या प्रत्येक माणसाचा अंक इसवीत आणला की ८ ने पुढे सरकतो, किंवा एक घर मागे या, तेच. ७ चा ६. हेइसेइला १९८८ मिळवतात, त्याचीही बाकी ८ च, त्यामुळे तीन दिवसांनी जन्मलेल्या बाळाचाही अंक इसवीत आणला की तसाच एक घर मागे येतो, ओंकारचं सॉफ्टवेअर आपटायचं तसं इथे काही आपटत नाही. आपल्याकडे शके धरला, ती तारीख शके १९१० मध्ये पडते, तर महिना आणि तिथी पण बदलेल आणि आणखी चौथंच काहीतरी येईल.

अप्पा_विटेकर

तारखेवरून आठवलं. आमच्या वडिलांची जन्मतारीख १ जून १९५८. त्यांच्या वर्गात अकरा मुलांची १ जूनच. मास्तरांनी शाळेत नाव घालताना लावून टाकली. आजी सांगायची जन्म भर पावसात झाला, गोठा पडला होता त्या वर्षी. एका प्रसिद्ध गुरुजींनी त्या तारखेवरून भाग्यांक ३, गुरू, शिक्षणक्षेत्रात नाव काढाल वगैरे सांगितलं. वडील खरंच शिक्षक झाले. आता हा अंक वडिलांचा का मास्तरांचा?

खडूस

अप्पा 😂 त्या अकराही जणांना भाग्यांक ३ असणार मग, वर्ष एकच असेल तर. बाकीचे दहा काय करतात?

अप्पा_विटेकर

दोन शिक्षक, एक साखर कारखान्यात होते, बाकी शेती. एक मिलिटरीत.

निशिकासाईकर

आत्ता वाचली. तेरा वर्षं तोक्योत आहे, म्हणून लिहिते. शेवट न कळलेल्यांसाठी, आणि बहुतेक लेखकासाठी पण, कारण तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही असं लिहिलं नसतं असं वाटतंय.

इथे याकुदोशी म्हणून प्रकार असतो. ठरावीक वयाची वर्षं वाईट मानतात, पुरुषांना २५, ४२, ६१ आणि बायकांना १९, ३३, ३७. त्यातलं पुरुषांचं ४२ आणि बायकांचं ३३ सगळ्यात मोठं. ४२ ला शि-नि म्हणता येतं, म्हणजे मरणाकडे, आणि ३३ ला सान-सान, सानझान, म्हणजे पार दुर्दशा, धूळधाण. मोरिता-सान "सान, सान" म्हणाल्या ते त्या आकडा मोजत नव्हत्या.

आणि वय जुन्या पद्धतीने मोजतात, जन्मल्याबरोबर एक आणि पुढच्या प्रत्येक नववर्षाला एक. १९८९ ला जन्मलेल्या बाईचं २०२१ ला कितवं वर्ष? तेहतिसावं. नेमकं त्या साली. आपली साडेसाती जशी तीन अडीचक्यांची तशी ही तीन वर्षांची, आधीचं, मुख्य आणि नंतरचं, आणि त्या बरोब्बर मधल्या वर्षात होत्या. वर २०२१, म्हणजे सगळ्यांचंच काय चाललं होतं ते आठवा. ती जांभळी पिशवी शोभेची नव्हे हो. देवळातून पीडा टळावी म्हणून आणतात ती ओमामोरी, याकुयोकेची. तुमच्या योकोहामाच्या बाजूचे लोक कावासाकी दाइशीला जातात त्यासाठी.

म्हणजे जी बाई वर्षभर त्या आकड्याला टाळत फिरत होती तिला तुम्ही जेवणानंतर उत्साहाने मशीनवर मोठ्या अक्षरात तोच आकडा लिहून दाखवलात.

प्राची_एकोणतीस

अरे देवा.

द्राक्षबाग

नाही. मला खरंच माहीत नव्हतं. मी ती पिशवी पट्ट्याला गोड दिसते म्हणून लिहिली. आणि ६ केलं ते मला वाटत होतं की त्यांना पण हे येतं आणि त्या गंमत करतायत. इतकी वर्षं मी हा किस्सा लोकांना हसत हसत सांगतोय.

ज्योतिर्विद्_अण्णा

शास्त्र न शिकता सांगितलं की असं होतं. अर्धवट ज्ञान.

निशिकासाईकर

अण्णा, एवढं पण नाही. द्राक्षबाग, मनाला लावून घेऊ नका. इथे आकड्यांचं शास्त्र पण लोक बघतात, सुहिजुत्सु म्हणतात, लाइफ पाथ नंबर इसवी सनावरूनच काढतात आणि ३३ तिथे चांगलाच मानतात. कदाचित त्यांना दोन्ही माहीत असेल. ब्लड ग्रुपचं तर खडूस यांनी विचारलं ते सोपं आहे, इथे तो स्वभावासाठी विचारतात, आणि बी म्हणजे आपल्याच तंद्रीत असणारा, समोरच्याचं भान नसलेला. "वाटलंच" म्हणाल्या ते त्यामुळे. 😀 मला पहिल्या वर्षी घरमालकिणीने विचारलं तर मी घाबरले, म्हटलं रक्त हवंय का.

खडूस

आता परत वाचली कथा. तो शिक्का आता वेगळाच वाटतोय. ड्रॉइंगवर चूक सापडली की काय करतात, खोडत नाहीत, दुरुस्त करून सही करतात. टेप फाडून टाकता आली असती.

गणिताचे_सर

आणि गणित म्हणूनही दुरुस्ती पक्की आहे, तिन्ही पद्धतींनी ६. पण मला ते गंमत म्हणून केलं की भीतीने हे मात्र कथेतून सांगता येत नाही.

निशिकासाईकर

माझ्या मते भीती वगैरे नाही, नीटनेटकेपणा. जे टोचतं ते नीट करून ठेवायचं.

अप्पा_विटेकर

मला वाटतं तिला ओंकारची टेप जपायची होती. एवढं साधं.

प्राची_एकोणतीस

अप्पा 🥺

कोकणी_खेकडा

अण्णांनी अमेरिकेवर ढकललं म्हणून एक भर. तारखेच्या नुसत्या मूलांकावर जोर देणारा कीरो, तो आयरिश, आणि त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की ही विद्या तरुणपणी मुंबईत उतरून कोकणातल्या एका जोशांकडे शिकलो. खरं खोटं तोच जाणे, हात बघणाऱ्याच्या आत्मचरित्रावर किती विश्वास ठेवायचा. पण आमच्या गावात तीन घरं सांगतात की ते जोशी आमचेच.

खडूस

एक शंका राहतेय. द्राक्षबाग, तुम्ही वर म्हणालात थोडं घडलेलं थोडं रचलेलं. मी ऑफिसात बसून शोवा ६४ चे सातही दिवस काढले. १ तारीख २९, म्हणजे ११. २ ला ३०, ३ ला ३१, ४ ला ३२, ५ ला ३३, ६ ला ३४, ७ ला ३५. सातात ३३ देणारा दिवस एकच, पाच. म्हणजे एक तर तुम्ही त्या बाईंची खरी जन्मतारीख इथे उघड लिहिलीत, नाहीतर तारीख बदललीत आणि मग तो ३३ तुमचा. आणि तुमचा असेल तर निशिकासाईकर ताईंनी एवढं उलगडून सांगितलं ते आपोआप जुळून आलं असं म्हणायचं का?

गणिताचे_सर

खडूस, हे छान पकडलंत. पहिल्या तारखेला पण मास्टर ११ येतो, म्हणजे बदलायचीच होती तर कथेसाठी तीही चालली असती.

द्राक्षबाग

पकडलंत. नाव खरं नाही, कारखान्याची जागा खरी नाही, चहा खरा आहे. तारखेबद्दल नका विचारू. टेप मात्र मी येताना मशीनवरून सोडवून घेतली, डिंक सुकल्यामुळे अर्धी फाटली, लाल बाजू राहिली आहे. त्या आता दुसऱ्या प्लांटला आहेत, नवीन वर्षाचं कार्ड येतं. यंदाच्या कार्डावर काय लिहू, विचारू का नको?

निशिकासाईकर

विचारू नका. पीडेची तिन्ही वर्षं कधीच संपली, आता आठवण कशाला. पण ३७ लवकरच येतंय त्यांचं, ते लक्षात असू द्या आणि त्या वर्षी गणित करू नका.

ज्योतिर्विद्_अण्णा

३७ म्हणजे १०, म्हणजे १, सूर्य. उत्तम असतं.

निशिकासाईकर

अण्णा!!

प्राची_एकोणतीस

बाकी सगळं ठीक, पण मी ११ समजू की २?